रायभाननानांना सगळं माहीत होतं

रायभाननानांची मोसंबी तोडीला आली होती आणि बागेपर्यंत टेम्पो जाईल अशी एकुलती एक वाट शेजारच्या परमेश्वरने तार ठोकून बंद केली होती. नाना भांडायला गेले, तर परमेश्वरने हुकूमनाम्याची नक्कल पुढं धरली.

"कोर्टानं तुम्हाला वाटेची मनाई केलीय, नाना. तुम्ही तारखेला आलेच न्हाई, मंग एकतर्फी निकाल झाला."

"म्हाईत हाय मला," नाना म्हणाले आणि घरी येऊन बाजेवर आडवे झाले. त्यांना काहीएक माहीत नव्हतं.

हा नानांचा जुना आजार. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, नानांचं "म्हाईत हाय" तयार. पोरीला मुलगा झाल्याची बातमी घेऊन व्याही बदनापूरहून धावत आले, तर त्यांनाही हेच. बिचारे चहा न घेताच परत गेले. आपल्याला काही माहीत नाही हे कबूल करण्यापेक्षा नानांनी दोन एकर सोडले असते.

महिन्याच्या आतच बायकोनं, आशाबाईंनी, त्यांना जालन्याला वकिलाकडं नेलं. मनीषाताई वकिलांनी कोर्टातले कागद काढून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. बेलिफाने समन्स गावातल्या जुन्या घराच्या दाराला चिकटवलं होतं. त्या घरात कित्येक वर्षं फक्त कडबा राहत होता. नाना-आशाबाई शेतातल्या वस्तीवर. घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवलं, अहवालात काहीच नाही.

"हुकूमनामा रद्द करायला एवढं पुरे आहे," ताई म्हणाल्या. "पण एक भानगड आहे. सुनावणीची तारीख तुम्हाला दुसरीकडून वेळेवर कळली होती असं त्यांनी दाखवलं, तर बजावणीतल्या चुकीचा काही उपयोग नाही. उलटतपासात विचारतील. तुम्ही म्हणायचं, मला माहीत नव्हतं."

"म्हाईत हाय."

ताईंनी पेन खाली ठेवला. आशाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

अर्जाच्या सुनावणीला नाना साक्षीला उभे राहिले. परमेश्वरचे वकील फार गोड बोलत होते. "नाना, गावात तुमचा मान मोठा. गावातली कुठलीही गोष्ट तुम्हाला माहीत असते, खरं ना?"

नानांना ताईंचं बोलणं आठवलं. मोसंबीही आठवली. पण मागच्या बाकावर अर्धं गाव बसलं होतं.

"असती," नाना म्हणाले, आणि ताईंनी कपाळाला हात लावला.

वकिलांनी लगेच आपला साक्षीदार उभा केला, जुन्या घराच्या गल्लीतला हॉटेलवाला कल्याण. त्याने दारावरचा कागद वाचला होता आणि तो नानांशी बोलला होता. वकिलांनी विचारलं, नाना काय म्हणाले? "म्हाईत हाय म्हणले." वकील खूष होऊन खाली बसले. बाग गेली, आणि गेली ती आपल्याच तोंडानं, हे नानांना आता लख्ख दिसलं.

मनीषाताई उठल्या. "कल्याण, तुम्ही नेमके कोणते शब्द बोललात?"

"'नाना, तुमच्या दाराला—' एवढंच."

"समन्स, कोर्ट, तारीख?"

"तारखेपर्यंत पोचू कुठं दिलं, ताई? ते कुणालाच पोचू देत न्हाईत."

मागच्या बाकावर हसू फुटलं. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, ते थांबलं. मग साहेबांनीच नानांना जवळ बोलावलं.

"रायभान, पुढच्या वेळी तुम्हाला—"

"म्हाईत हाय, साहेब."

"काय माहीत आहे?"

नानांनी ताईंकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, आशाबाईंकडं पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या.

"न्हाई म्हाईत," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की साहेबांनी पुन्हा विचारलं. मग नाना अर्ध्या गावासमोर मोठ्यानं म्हणाले, "न्हाई म्हाईत, साहेब. कागदाचंबी न्हवतं म्हाईत."

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आणि साहेबांनी हुकूम सांगितला. प्रतिवादी राहत नव्हता त्या घराला समन्स लावलेलं. ही बजावणी योग्य नव्हे. तारीख त्याला कळली होती असा पुरावा नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा पहिल्यापासून चालेल, प्रतिवादीने आपली लेखी कैफियत द्यावी. परमेश्वरच्या हातातला कागद आता नुसता कागद उरला. तार काढण्याचा अर्ज उद्याच देते, असं ताईंनी सांगितलं, आणि नानांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

जालन्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना आशाबाई म्हणाल्या, "आवो, मला एक—"

"म्हाई—" नाना थांबले. "न्हाई म्हाईत. सांग."

आशाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि पुढचं वाक्य बोलायची पाळी कधी आलीच नव्हती. मग त्या सुरू झाल्या. बदनापूर आलं तरी नानांना मधे बोलायला जागा मिळाली नाही.