पट्टे

भाईदास नानांच्या केळीच्या बागेच्या बांधावर मृणाली उकिडवी बसली होती आणि तिच्याभोवती अर्धं गाव उभं होतं. ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीत एक ठसा होता. निदान सकाळी होता, असं नाना म्हणत. आता त्याच्यावर दोन चपला आणि एक बूट उमटले होते. शिल्लक होती टाचेची अर्धी गादी आणि पुढे नखाच्या दोन बारीक खुणा.

"नखं आहेत म्हणजे मांजरकुळातलं नाही," मृणाली म्हणाली. "बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो."

"चिखलात पाय घसरला तर बाहेरही येतात, मॅडम," वनरक्षक प्रेमराज हळूच म्हणाला. "आणि हा ठसा फोटोतल्याच जनावराचा कशावरून? गावात कुत्री काय कमी आहेत?"

मृणाली चोपड्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि तालुक्यातल्या निसर्गमंडळाचं पेज सांभाळत असे. सातपुड्याच्या पायथ्याला साप निघो की घुबड, लोक आधी तिला फोटो पाठवत. कालचा फोटो नानांच्या सुनेने, पुनमने, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढला होता. केळीच्या फाटक्या पानांमागून निघून जाणारी राखी-पिवळसर पाठ आणि तिच्यावर उभे काळे पट्टे. डोकं नाही, शेपूट नाही, पायही गवतात.

"ताई, काय ते आजच लिखी टाका," नाना म्हणाले. "सकाय निंदणीले बाया येणार शेत. बिबट्याचं नाव निंघनं तर एक बी बाई बागमा पाय ठेवाव नही."

बायांची मुकादम केसरबाई तिथेच उभी होती. "तुमना बागले निंदणी व्हई, आन् आम्हले बिबट्या," ती म्हणाली. बाया हसल्या, नाना मात्र हसले नाहीत.

मृणालीला बायांची काळजी होती आणि दुसरीही एक होती. मागच्या वर्षी शेजारच्या गावात बिबट्याची आवई उठली आणि लोकांनी काठ्यांनी एक रानमांजर ठेचलं होतं. त्याचा फोटोही तिलाच आला होता, ओळखण्यासाठी.

घरी येऊन तिने लिहिलं. वरची ओळ: "केळीच्या बागेत पट्टेदार तरस. घाबरू नका." आणि खाली सविस्तर टीप: "ओळख बहुधा तरस, ती अंगावरच्या पट्ट्यांवरून. डोकं व शेपूट फोटोत नाही. ठसा अर्धवट असून कुत्र्याचाही असू शकतो. बिबट्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही." सगळं खरं होतं. खोटं असं त्यात एकही अक्षर नव्हतं. तरी पोस्ट टाकल्यावर तिला जेवण जाईना.

आठच्या सुमारास तिने फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. पाठीवरचे पट्टे मोजले. मग नजर जरा डावीकडे सरकली. जनावराच्या शेजारी केळीचं खोड होतं आणि त्या खोडावरही तसेच पट्टे होते, त्याच अंतराने, त्याच दिशेने. वर पान वाऱ्याने चिरफाळलेलं होतं. त्या चिरांमधून आलेलं ऊन आणि चिरफळ्यांची सावली.

जे तिने तरसाचे पट्टे म्हणून जगाला सांगितलं होतं, ती कदाचित केळीच्या पानाची सावली होती. केळीच्या मुलखात वाढूनही हे तिला सुचलं नव्हतं.

तिने राकेशला फोन लावला. पेज दोघे मिळून चालवत.

"आता बदलू नकोस," राकेश म्हणाला. "खाली टिपेत 'बहुधा' लिहिलंयस ना? मग झालं. पहिली ओळ फिरवलीस तर लोक म्हणतील, यांनाच काही कळत नाही."

"मला कळत नाहीच आहे, राकेश. तेच तर लिहायचंय."

"आणि उद्या बिबट्याच्या भीतीने कुणी फास लावला तर?"

तिने पोस्ट पुन्हा पाहिली, गावातला माणूस पाहील तशी. मोबाईलवर फोटो, खाली एक ओळ आणि पुढे 'आणखी पाहा'. तिचा सगळा प्रामाणिकपणा त्या 'आणखी पाहा'च्या मागे दडून बसला होता. आणि तो तिथे तिनेच बसवला होता.

तिने ओळ बदलली: "ओळख पक्की नाही: तरस किंवा बिबट्या. आधीच्या पोस्टमध्ये मी तरस लिहिलं, ती घाई माझी." टिपेत खोडावरच्या पट्ट्यांचं कारण दिलं आणि पुढे जोडलं: "खात्री होईपर्यंत बागेत एकट्याने जाऊ नये, वाकून वा बसून काम करू नये. जनावराचा पाठलाग करू नये, फास लावू नये, वनविभागाला कळवावं." पण तोवर गावच्या ग्रुपवर पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट फिरत होता. पाठवणारे भाईदास नाना. खाली अंगठ्यांची रांग. केसरबाईचा फोन बंद लागत होता.

सकाळी साडेसहाला तिने स्कूटर काढली. वाटेत दोनदा उगाचच ब्रेक दाबला. बागेशी पोचली तेव्हा नऊ बाया विळे घेऊन बांधावर उभ्या होत्या आणि पहिल्या दोघी आत शिरत होत्या.

"थांबा!" ती ओरडली. "आत जाऊ नका!"

नाना मोटारसायकलवरून उतरले. "आते काय व्हयनं? तुम्हीनच लिखं ना तरस शे!"

"चुकीचं लिहिलं, नाना. म्हणजे, चुकीचं की बरोबर हेच ठाऊक नाही."

"मंग बिबट्या शे?" केसरबाईने विचारलं.

"माहीत नाही, अक्का."

"माहीत नही? तू तं कॉलेजनी मास्तरीन ना वं!" एक बाई मागून म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मृणालीचे कान तापले.

केसरबाई हसली नाही. "वाच," ती म्हणाली. "बठ्ठं वाच. जे माहीत नही ते बी."

मृणालीने बांधावर उभं राहून टीप वाचली. फोटो मोठा करून आधी पाठ दाखवली, मग खोड. केसरबाईने डोळे बारीक करून पाहिलं, मग समोरच्या बागेकडे पाहिलं. तिथल्या प्रत्येक खोडावर कोवळ्या उन्हाचे पट्टे पडलेले होते.

"हाई तं मी रोज देखस," ती म्हणाली. मग नानांकडे वळली. "निंदाले वाकनं पडस, नाना. वाकेल बाई जनावरले बकरीसारखी दिसस. आम्ही आज कापूसमा काम करसूत. बागमा नही."

"आन् बागमा गवत वाढस त्याचं?"

"गवत खात नही कोन्हले."

बाया कपाशीकडे वळल्या. नाना मोटारसायकल वळवून निघून गेले. पोस्टखाली दुपारपर्यंत साठ-सत्तर शेरे जमले. "आधी नक्की करा, मग लिहा." "आज तरस, उद्या डायनासोर." तिने एकही खोडला नाही. तासाला मुलांना बेडकाचं हृदय शिकवताना तिने दोनदा तीच आकृती काढली.

प्रेमराजने बागेत दोन ट्रॅप कॅमेरे बांधले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "एकात रानडुकरं, मॅडम. दुसऱ्यात हलणारी पानं. बाकी काही नाही."

तिने तेवढंच लिहिलं, पहिल्याच ओळीत: "तीन दिवसांनंतरही ओळख पक्की नाही." आवडल्याचे अंगठे आले अकरा.

संध्याकाळी नानांचा फोन आला. बराच वेळ ते पाणी, वीज असलं काहीबाही बोलत राहिले. मग म्हणाले, "ताई, सकाय बाया बागमा धाडू का नको?"

"जनावर तिथे नाही, असं मी सांगू शकत नाही, नाना. आहे, असंही नाही."

ते फोन आपटतील असं तिला वाटलं.

"मंग असं करस," नाना म्हणाले. "पहिले चार गडी डबा वाजाडत आत जातीन. खालनी सुकी पानं बठ्ठी तोडी टाकतीन, आरपार दिसाले पाहिजे. बाया त्याना मांगे, दिन चांगला वर उना का मंग. आन् चार जन उभा राहीसन देखतीन."

"हो," मृणाली म्हणाली. "आणि केसरबाईंना आधी विचारा."

"तिनीच तं सांगं हाई बठ्ठं," नाना कुरकुरले आणि फोन ठेवला.