बासष्टचा फोटो

एकट्या राहणाऱ्या मास्तरांना लेकीने एअर फ्रायर दिला, सोबत टोचायचा थर्मामीटर आणि तंबी: "बाबा, हाडाला न लावता जाड मांसात खुपसा. चौऱ्याहत्तर दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. रोज फोटो पाठवा."

चौऱ्याहत्तरच्या फोटोला नुसता अंगठा यायचा. अंगठ्याशी माणूस काय डोंबल बोलणार?

आज मास्तरांनी चिकनची तंगडी मुद्दाम लवकर बाहेर काढली. आकडा बासष्ट. फोटो गेला आणि लगेच फोन खणखणला.

"बाबा, कच्चं आहे ते! परत आत ठेवा. मी थांबते फोनवर."

मग नातवाची शाळा, तिची गुडघेदुखी, सगळं निघालं.

"आता किती?"

मास्तरांनी पुन्हा टोचून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर.

"अजून थोडं कमीच आहे गं," ते म्हणाले.