वहीत नसलेलं बिस्किट

दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण खट्ट वाजलं. लेकीच्या खाण्याची रोजची नोंद ठेवलेल्या वहीतून अर्चनाने मान वर केली. सासूबाई चार वर्षांच्या स्वराला कोऱ्या चहात बिस्किट बुडवून देत होत्या.

"रोज देता?"

"एकच गं. त्यात कुठं दूध हाय?"

डब्यातल्या पुड्यावर लिहिलं होतं: दूध पावडर.

स्वराच्या अंगावरचं पुरळ बघून बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चार आठवडे दूध पूर्ण बंद. पुरळ ओसरलं तर थोडं थोडं देऊन खात्री करू. चार आठवडे होत आले तरी पुरळ तसंच होतं. उद्या वही बघून ते दुधावरचा संशय सोडणार होते.

अर्चनाने लिहिलं, 'बिस्किट, रोज.' पुढच्या पानावर पुन्हा 'दिवस पहिला.'

मनगट खाजवत स्वराने विचारलं, "आई, मला दुधानंच खाज येते का?"