जिन्यातला होकार

"आईच्या ऑपरेशनसाठी बारा ते सोळा तारखेपर्यंत रजा हवी होती," मी जिन्यातच मेट्रनबाईंना म्हणाले.

"घे की," म्हणत त्या उतरून गेल्या.

इतक्या सहज त्या कधी हो म्हणत नाहीत. गेल्या वर्षीच्या असल्याच तोंडी होकारानंतर ड्युटीच्या तक्त्यावर माझं नाव जसंच्या तसं होतं.

घरी येताच मेल लिहिला: "आज जिन्यात बोलल्याप्रमाणे आपण माझी बारा ते सोळा, पाच दिवसांची रजा मंजूर केली आहे. कृपया उत्तर पाठवून तारखा कायम कराव्यात."

"किती संशय घेतेस गं," तिकिटं काढायला बसलेला नवरा म्हणाला.

तेवढ्यात उत्तर आलं: "मी फक्त बारा तारखेला हो म्हटलं होतं. तेरापासून तुझी रात्रपाळी आहे."

मी फोन नवऱ्यापुढे धरला. ऑपरेशन चौदाला होतं.