वरच्या मजल्यावरचं ऑफिस

कामाच्या वेळेला मोबाईलमध्ये डोकं घातलेलं मला खपत नाही. माझ्या कारखान्यात तर नाहीच नाही. कारखाना म्हणजे काय, घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली, शिलाईची मशीनं, कापायचं टेबल आणि सगळ्यांवर ओरडायला मी. नर्सांचे, वेटरांचे गणवेश शिवतो आम्ही. त्या दिवशी काजं-बटणं करणाऱ्या मावशी सुई हातात धरून मांडीवरच्या मोबाईलकडे टक लावून बसलेल्या दिसल्या आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, त्या मोबाईलला काज करताय का बटण लावताय?"

मशीनवरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मावशींनी मोबाईल पदराखाली दडवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत बाहेर काढला.

"ताई, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

"रागावणार तर आहेच. दाखवा."

मेसेज होता. अभिनंदन, आपली निवड झाली आहे. घरबसल्या पॅकिंगचं काम, रोज दोन-तीन तास, पगार दर आठवड्याला खात्यात. जागा मोजक्याच, आजच खालील नंबरवर फोन किंवा मेसेज करा. वर एका मोठ्या कंपनीचं नाव, जिचा साबण घरोघरी असतो. खाली कुणाचा तरी साधा मोबाईल नंबर. आठवड्याचा पगार एवढा, की मी तो आकडा दोनदा वाचला. एवढे पैसे मी मावशींना महिन्याला देत नाही, हे मनातल्या मनात कबूल करून मी आणखीच चिडले.

"अहो, तुम्ही अर्ज केला होता का?"

"नाही."

"मग निवड कसली? अर्ज नाही, मुलाखत नाही, कुणी तोंड बघितलं नाही आणि निवड झाली! एवढ्या मोठ्या कंपनीला ऑफिसचा नंबर नाही, असल्या नंबरवरून माणसं घेते? आणि आजच, आजच! म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळच द्यायचा नाही. आता बघा, पुढे पैसे मागतील."

मावशींनी सुई कापडात खुपसून ठेवली.

"मागितले?"

"नोंदणीचे दिले, ताई. गेल्या आठवड्यात. आता किटचे मागतायत. मग काम सुरू होणार म्हणे. नुसत्या मेसेजवरच बोलणं झालं माझं. आज म्हणाले, मॅडमना फोन करा."

"कुठले दिले?"

"डोळ्यांसाठी ठेवले होते त्यातले."

मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, सुईत दोरा ओवायला त्या आता आम्हाला हाक मारतात. ऑपरेशनसाठी त्या पैसे साठवत होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. डोळे गेले तर हे काम जाईल, म्हणून बसल्या जागी दुसरं काम शोधत होत्या बिचाऱ्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. माझं असं झालं की मी जास्तच ओरडते.

"अक्कल गहाण ठेवली होती का? आमच्या टिटवीकडे बघा! खरी नोकरी अशी असते. कंपनी पगार देते, आपण कंपनीला देत नाही. पहिला पगार वेळच्या वेळी जमा झाला तिचा, कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही."

टिटवी म्हणजे माझी मुलगी. लहानपणापासून आवाज असा टिपेचा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. कॉलेज संपून वर्षभर घरात बसली होती. मग एक दिवस नोकरी लागली, घरूनच काम. कंपनीने सिम पाठवलं, दोन फोन पाठवले. वरच्या खोलीचं दार लावून बसायची. जिन्यावरून कुणी यायचं नाही, ऑफिस चालू आहे. मी अख्ख्या गल्लीला सांगून आले होते.

"द्या तो फोन इकडे," मी मावशींना म्हटलं. "बोलते मी त्या मॅडमशी. तिच्या सात पिढ्या उद्धरते. पोरींनो, मशीनं बंद करा. ऐका सगळ्या, म्हणजे तुमच्यापैकी कुणी पुढे या फंदात पडणार नाही."

खटखट थांबली. आमच्याकडे दिवसभर मशीनं चालतात, दुपारी जेवायला थांबतो तेवढंच. आणि जेवणाची सुट्टी वरच्या ऑफिसलाही त्याच वेळी असायची. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला, पदर खोचला.

"नमस्कार, भरती विभागातून बोलतेय. आपली काय मदत करू?"

आवाज दोनदा आला. आधी जिन्यावरून, मग फोनमधून.

मला वाटलं, मला भास झाला. मी मशीनवरच्या दोघींकडे पाहिलं. एकीने जिन्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

"हॅलो? आपण किटसाठी फोन केलाय का? हे बघा, रक्कम आज भरली नाही तर आपली जागा दुसऱ्याला जाईल. पैसे परत मिळतात, काळजी करू नका. अगदी विश्वासाने भरा, बरं का."

बरं का. हे तिला मी शिकवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलताना शेवटी बरं का म्हणावं, माणूस विरघळतो. सात पिढ्या उद्धरायला निघाले होते, त्या माझ्याच निघाल्या.

मावशी फोनजवळ वाकल्या.

"टिटवे?" त्या म्हणाल्या. "बाळ, तू आहेस का गं?"

वर खुर्ची सरकली. फोन बंद झाला.

जिना कसा चढले मला सांगता येणार नाही. दार मी ठोठावलं नाही, ढकललं. ती कानाला हेडफोन लावून उभी होती. समोर दोन फोन, आणि भिंतीला चिकटवलेला कागद, काय काय बोलायचं त्याचा.

"आई, ऐक आधी. मावशींच्या नंबरचं मला माहीतच नव्हतं. मेसेज दुसरंच कुणीतरी करतं, माझ्याकडे फक्त फोन येतात."

"ही नोकरी तुला कशी लागली?"

"मेसेज आला होता."

"मुलाखत?"

"मेसेजवरच झाली."

"ऑफिस कुठे आहे? साहेबांना पाहिलंयस तू?"

"त्यांचा फोटो आहे ना," ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. "आई, पण त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. उलट पगार दिला! फसवणारे पैसे मागतात, देत नाहीत. तूच म्हणतेस."

मीच म्हणत होते. पाच मिनिटांपूर्वी खाली हेच बडबडत होते. दिलेत म्हणून आपण बघितलं नाही, की कशाचे दिलेत.

"लोकांचे पैसे कुठे जातात गं?"

तिचा टिपेचा आवाज एकदम खाली आला. "कंपनीच्या खात्यात काहीतरी अडचण आहे म्हणाले. म्हणून सध्या माझ्या खात्यात येतात. मी साहेब सांगतील तिकडे पाठवते. माझा पगार त्यातूनच कापून घेते."

मी पलंगावर बसले. पोलिस उद्या कुणाला शोधत येतील? त्या साहेबाला कुणी पाहिलं नाही, त्याचं नाव खरं नाही. सगळीकडे नाव माझ्या पोरीचं, खातं माझ्या पोरीचं, आवाज माझ्या पोरीचा. आणि मी काय केलं? दोन्ही फोन उचलले.

"सिम काढ. ते मेसेज मिटव सगळे. तो कागद फाड. हे फोन आपल्या घरात नव्हतेच कधी. कळलं?"

टिटवी रडत रडत मेसेज मिटवायला घेणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आणि माझे, ताई?"

मावशी धापा टाकत वर आल्या होत्या, चौकटीला धरून उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडले असते, भांडणं मला जमतं. पण त्यांनी फक्त तेवढंच विचारलं. या बाईने माझ्या लेकीच्या पहिल्या फ्रॉकची बटणं लावलीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

"थांब," मी टिटवीला म्हणाले. "काही मिटवू नकोस. एक अक्षरही नाही."

बँकेत रांगेत उभं राहिलं की समोर पोस्टर दिसतं, फसलात तर लगेच बँकेला कळवा, सायबर पोलिसांना फोन करा, पुरावे जपून ठेवा. दर वेळी वाचायचे आणि म्हणायचे, आपल्याला काय करायचंय. टिटवीला मी तो नंबर शोधायला सांगणार, तेवढ्यात हातातल्या फोनांपैकी एक वाजला. मी तिच्यापुढे धरला. स्पीकर चालू केला.

"मॅडम," कुणी बाप्या होता, दमलेला पण खूश. "किटचे आत्ताच टाकले बघा. आता घरी सांगू ना, काम लागलं म्हणून? बायको सारखी विचारतेय."

दुसऱ्या फोनवर साहेबाचा मेसेज चमकला. पैसे आलेत, लगेच पुढे पाठव. त्याच्यामागून दुसरा. उशीर झाला तर तुझ्यावरच केस होईल.

टिटवीने दोन्ही फोनांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. त्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.

"सांगू नका," ती म्हणाली.

"काय?"

"काका, नोकरी नाहीये. कुणालाच नाहीये. ही फसवणूक आहे. तुमचे पैसे अजून माझ्या खात्यात आहेत, ते मी पुढे पाठवत नाही. मीही बँकेला कळवते. तुम्ही आत्ताच्या आत्ता तुमच्या बँकेला फोन करा, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. माझ्याविरुद्ध करा."

"तुझ्या मायला," तो माणूस म्हणाला. मग आवाज फुटला त्याचा. "कोण आहेस तू? नाव सांग. भरती विभाग नको सांगूस. नाव!"

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेत कविता म्हणताना विसरली की बघायची, तसं. नको सांगूस, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. मावशींनी पुढे होऊन तिचा हात धरला.

टिटवीने आपलं नाव सांगितलं. वडिलांचं, आडनाव, घराचा पत्ता, गल्ली, खाली शिवणकामाचा कारखाना आहे तेही. तो माणूस लिहून घेत असावा, कारण मध्येच थांबवून म्हणाला, "परत सांग."

तिने परत सांगितलं. तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. खाली मशीनं बंदच होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.