सोबत जोडलेलं पाकीट

लासुर्ण्यात मनिषाला मनिषा म्हणणारं कुणी नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘रोहिणी’ लिहिलं गेलं आणि जुनं नाव माहेरी कऱ्हाटीलाच राहिलं. सासू बानूबाई दोनदा हाका मारीत, तेव्हा कुठं हिच्या ध्यानात येई की आपल्यालाच बोलावतायत. नवरा गोकुळ मारकड साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, म्हणजे ऊस तुटेपर्यंत घरात पाहुणाच. भरल्या घरात पोरीला फार एकटं वाटे.

आशा एकच. लग्नाआधी बारामतीला जाऊन लिपिकाची परीक्षा दिली होती. दीड वर्ष झालं तरी निकालाचं नाव नाही. नोकरी लागली की मस्टरवर जुनंच नाव येईल, कुणीतरी त्या नावानं बोलावील. पगाराचं तिनं मनातही आणलं नव्हतं, वेडीच म्हणायची!

कऱ्हाटीला वडिलांना वाचता येत नाही, पत्र तिथं पडून राहील, म्हणून एका दुपारी तिनं हॉल तिकीट समोर ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘मा. सचिव, निवड मंडळ, पुणे यांस. विषय: लिपिक-टंकलेखक परीक्षेच्या निकालाबाबत. संदर्भ: जाहिरात क्र. ३/१९९४, अर्ज क्र. ४१७२, बैठक क्र. २०८६३, केंद्र बारामती. महोदय, सविनय विनंती की, दि. २१ ऑगस्ट १९९४ रोजीच्या परीक्षेचा निकाल अद्याप समजलेला नाही. आपल्या कामाचा व्याप मी जाणते. तरी सद्यःस्थिती कळविण्याची कृपा व्हावी. माझा पत्ता बदलला असून, नवीन पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे. आपली विश्वासू, मनिषा रावजी वाघमोडे.’

महिना गेला. एका संध्याकाळी ती मळ्यातून वांगी तोडून आली, तर बानूबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “आज पोस्टमन आलता. कुणा मनिषा वाघमोडेचं पाकीट घिऊन. म्या म्हनलं, हितं असली कुणी न्हाय बाबा. अक्षर लई देखणं हाय म्हनत हुता.”

वांग्यांची पाटी टाकून मनिषा पोस्टाकडं पळाली. रामहरी पोस्टमन दाराला कुलूप लावत होता.

“वहिनी, ते तर शेरा मारून परत लावलं. थैली चारच्या यष्टीनं गेली की. तुमची कोन लागती ती?”

“मीच ती,” ती म्हणाली. पाकिटावर सवयीनं आपणच तेवढं नाव लिहिलं होतं, मारकडांच्या घराचा उल्लेखसुद्धा नाही. दोष कुणाला द्यायचा? तिला रडू आलं, पण रस्त्यावर रडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सगळे क्रमांक उतरवले. खाली लिहिलं, ‘आपले उत्तर माझ्या चुकीमुळे परत आले. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’ मग कोरं पाकीट ओढून त्यावर सावकाश लिहिलं: ‘सौ. रोहिणी गोकुळ मारकड.’

“रोहिणीऽ!” चुलीपासून हाक आली.

पहिल्याच हाकेला ती उठली.