नळीची साक्ष

देवाजी वीस वर्षं आदिलाबादच्या एका बेकरीत पाव भाजत होता, पण आपला दमा पिठामुळे आहे हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. "मैदा म्हंजे काय जहर हाय काय?"

डॉक्टर पद्मजांनी वाद घातला नाही. त्यांनी श्वासाचा जोर आकड्यात दाखवणारी एक फुंकायची नळी दिली आणि एक तक्ता. रोज चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दोन आठवडे कामावर, दोन आठवडे सुटीत.

सुटीत बायको चंद्रभागानं त्याला तामसीला माहेरी नेलं आणि बेकरीचं नाव काढायचं नाही, असं बजावलं.

महिन्यानं डॉक्टरांनी तक्ता पाहिला. कामाच्या दिवसांत आकडे साडेतीनशेच्या खाली होते, सुटीत चढत साडेचारशेवर. "पण सुटीतल्या गुरुवारी संध्याकाळी तीनशे वीसच कसे?"

"त्या दिवशी हे दाढ दाखवायला गेल्ते," चंद्रभागा म्हणाली.

"दाढेच्या दवाखान्यात मैदा चाळतात का?"

देवाजी पंख्याकडे पाहू लागला. नवा कारागीर पीठ नासवेल या धास्तीनं तो गुपचूप बेकरीत गेला होता आणि हात शिवशिवले म्हणून अख्खं पोतं चाळून आला होता.

"मैद्यापासून दूर असलं की बरं, जवळ गेलं की दम! हाच तर पुरावा," डॉक्टर म्हणाल्या. "आता रक्तही तपासू. नळी द्या परत."

चंद्रभागानं नळी पिशवीत टाकली.

"नाई भेटत. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस या नळीतच पयल्यांदा खरं बोलून राह्यला."